जीडीपी-जीएनपी: दुबईहून आलेले पैसे कुठे मोजायचे? या चुका टाळा

सांगलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवता शिकवता बरीच वर्षं गेली. दर बॅचला फळ्यावर एक सूत्र लिहितो: जीएनपी म्हणजे जीडीपी अधिक परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न. जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत जे निर्माण झालं ते, आणि घटक उत्पन्न म्हणजे काम किंवा भांडवल यांच्या बदल्यात झालेली कमाई: पगार, व्याज, नफा. मुलं ते वहीत उतरवतात, चौकट करतात, आणि पुढच्याच प्रश्नाला तीच चूक करतात, जी मागच्या बॅचने केली होती.

पहिली चूक: बाहेरून आलेला पैसा दिसला की जीएनपीत टाकायचा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्तच बोलणार. खानापूर तालुक्यातला एक मुलगा वर्गात होता. वडील आणि दोन चुलते गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. त्याने विचारलं, "सर, आमच्या गावात एक कारखाना नाही, पाण्याची बोंब, पण बंगले बघा. हे सगळं जिल्ह्याच्या उत्पन्नात कुठे येतं?" मी म्हटलं, येत नाही. सोनं गाळायचं काम कोइमतूरला झालं, मिळकत तिथेच मोजली गेली. जिल्ह्याचा आकडा म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत जे निर्माण झालं ते. इथवर बरोबर होतं. मग उत्साहाच्या भरात मी पुढे बोललो: "आता कोइमतूरच्या जागी दुबई धरा. तो पैसा भारताच्या जीडीपीत नाही, पण जीएनपीत येतो." साठ पोरांनी लिहून घेतलं.

आठवडाभराने तोच मुलगा आकडे घेऊन आला. जगात सगळ्यात जास्त पैसा परदेशातून घरी येतो तो भारतात, 2022 पासून वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या वर. मग भारताचा जीएनपी जीडीपीपेक्षा कमी का? मी दोन मिनिटं खडू हातात धरून उभा होतो.

उत्तर असं. दुबईत वर्षापेक्षा जास्त काळ राहून काम करणारा माणूस हिशोबाच्या भाषेत तिथला निवासी होतो, पासपोर्ट कुठलाही असो. त्याचा पगार तिथल्या जीडीपीत जातो आणि तिथल्याच जीएनपीतही. तो आईला महिन्याला 40,000 रुपये पाठवतो ते कमाई म्हणून नव्हे, तर देणं म्हणून. आईने त्या बदल्यात काही काम केलेलं नाही. याला चालू हस्तांतरण म्हणतात. ते जीएनपीच्या पुढच्या पायरीवर, राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्नात, धरलं जातं. रिझर्व्ह बँकेचा व्यवहारतोलाचा तक्ता, म्हणजे परदेशाशी झालेल्या देण्याघेण्याचा हिशोब, उघडा. घटक उत्पन्न 'प्राथमिक उत्पन्न' या ओळीत असतं, घरी पाठवलेला पैसा 'दुय्यम उत्पन्न' या ओळीत. दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि आपली पहिली ओळ उणे आहे, म्हणून जीएनपी जीडीपीपेक्षा कमी.

मग परदेशातली कुठली मजुरी जीएनपीत येते? वर्षाच्या आत परत येणाऱ्याची, आणि जहाजावर काम करणाऱ्याची. आष्ट्याचा एखादा पोरगा परदेशी कंपनीच्या मालवाहू जहाजावर सहा-सहा महिन्यांचे करार करतो, घर आष्ट्यातच. तो भारताचाच निवासी राहतो, म्हणून त्याचा पगार घटक उत्पन्नात येतो. तोही पूर्ण पगार. त्यातला निम्मा त्याने बंदराबंदरांत उडवला तरी मोजायचा तो कमावलेला, घरी पाठवलेला नाही.

फिलिपिन्सचा जीएनपी जीडीपीपेक्षा बराच मोठा दिसतो, कारण त्यांचं सांख्यिकी खातं करारावर बाहेर गेलेल्या कामगारांना घरचेच धरतं आणि त्यांची मिळकत घटक उत्पन्नात टाकतं. म्हणून गाइडात फिलिपिन्सचं उदाहरण वाचून ते भारताला चिकटवू नका.

या गोंधळाचं मूळ एका युक्तीत आहे: "डी म्हणजे देश, एन म्हणजे नागरिक." ही कोणी काढली माहीत नाही, पण मला भेटला तर चहा पाजणार नाही. एन म्हणजे निवासी. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही. अर्ध्या दिवसात राष्ट्रीय उत्पन्न 'उरकायला' निघालेल्या पोरांना असल्या युक्त्या फार आवडतात.

दुसरी चूक: परदेशी कंपनीचं सगळंच वजा करणं, किंवा तिने पैसा बाहेर नेला नाही म्हणून काहीच वजा न करणं.

इथे मी नेहमी एक काल्पनिक कारखाना घेतो. कुपवाडच्या एमआयडीसीत आहे असं समजू, मालकी शंभर टक्के परदेशी. वर्षाची विक्री 100 कोटी. कच्चा माल आणि वीज 60 कोटी, मूळ कंपनीला तंत्रज्ञानाची रॉयल्टी 5 कोटी. उरलं 35 कोटींचं मूल्यवर्धन, आणि जीडीपीत येतं ते एवढंच. त्यातले 17 कोटी पगार, 5 कोटी घसारा, 3 कोटी कर, आणि करानंतरचा नफा 10 कोटी. नफ्यातले 4 कोटी लाभांश म्हणून बाहेर गेले, 6 कोटी इथेच नव्या शेडमध्ये घातले.

जीएनपीसाठी किती वजा? कोणी 100 म्हणतो, कोणी 35. पगार घेणारी माणसं मिरज-कुपवाडची आहेत, कर आपल्या सरकारने घेतला, ते कशाला वजा करता? हुशार पोरं 4 म्हणतात, आणि तेही चूक. उत्तर 10. शेडमध्ये घातलेले 6 कोटीही मालकाचीच कमाई. हिशोबात ते आधी बाहेर गेले आणि गुंतवणूक म्हणून परत आले असं धरतात. रॉयल्टीचे 5 कोटी पुन्हा वजा करू नका. ती सेवेची आयात आहे, मूल्यवर्धन काढतानाच गेली.

आयर्लंडचं प्रकरण हेच, फक्त अवाढव्य. 2015 साली त्यांचा जीडीपी एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढला. लोकांचे पगार काही त्या वेगाने वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. जीएनपीसुद्धा फुगला, म्हणून 2017 पासून ते सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा तिसराच आकडा देतात.

बाकीच्या चुका किरकोळ. 'निव्वळ' शब्द खाऊ नका, आलेलं वजा गेलेलं असं आहे ते. घटक उत्पन्न उणे असेल तर 'अधिक उणे' बघून घाबरू नका. आणि नव्या तक्त्यात जीएनपी सापडला नाही तर जीएनआय शोधा, राष्ट्रीय हिशोबाच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीपासून जीएनपीला हेच नाव आहे.

माझी स्वतःची सवय सांगतो. गणिताला हात लावण्याआधी समासात दोन प्रश्न लिहितो: काम कुठे झालं? कमावणारा कुठला निवासी? पाठवलं किती, हे मी तिसऱ्या ओळीत लिहितो आणि त्यावर काट मारतो. मुलं हसतात.

त्या खानापूरच्या मुलाने जाता जाता आणखी एक विचारलं होतं. दुबईच्या मामाने विट्याच्या बँकेत अनिवासी खात्यावर मुदतठेव ठेवली आहे. तिचं व्याज? ते भारतातून परदेशी निवाशाला दिलेलं उत्पन्न, म्हणजे जीएनपीतून वजा. मामा आईला पाठवतो ते जीएनपीत येत नाही, आणि ठेवीवर कमावतो ते मात्र त्यातून जातं. "म्हणजे मामाने जीएनपी कमीच केला की," तो म्हणाला. मी म्हटलं, लिही, अगदी हेच वाक्य लिही.