गरोदर बाईला त्याच दिवशी दवाखान्यात कधी न्यायचं

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, ताप आला, दम लागला किंवा बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. रक्त जास्त जात असेल तर थेट १०८ लावा. एवढं बहुतेक घरांना कळतं.

घरं चुकतात ती बीपीत. पाचवा महिना उलटला की कधीही बीपी वाढू शकतं, आणि वाढलं तरी बाई चालती-बोलती असते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मी आशाचं काम करते, आमच्या वस्तीतली एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात होती. सकाळपासून डोकं दुखत होतं, छातीच्या खाली उजव्या बरगडीजवळ दुखत होतं, एकदा उलटीही झाली. सासूबाई म्हणाल्या पित्त आहे, लिंबू-सोडा दिला, जाऊबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मी गेले तेव्हा तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, डोळ्यांखाली सूज, आणि म्हणाली ताई समोर काजवे चमकल्यासारखं दिसतंय. बीपी १६०/११० निघालं. आरोग्य केंद्रात लघवी तपासली तर प्रोटीन जात होतं, झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन देऊन तिला लगेच पुढे मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं.

पित्त आणि हे वेगळं कसं ओळखायचं? घरी बसून ओळखायचंच नाही. हा आजार लिव्हरलाही धरतो म्हणून बरगडीखाली दुखतं आणि ते हुबेहूब पित्तासारखं वाटतं. पाचव्या महिन्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, तोंडावर-हातावर अचानक सूज, यातलं एक जरी दिसलं तरी आधी बीपी मोजून घ्या, पित्ताचं नंतर बघू. संध्याकाळी पाय सुजणं बऱ्याच जणींना होतं, पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असेल तर "गरोदरपणात सुजतंच" हे ऐकून घेऊ नका.

घरी मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजा. १४०/९० किंवा वर गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं, १६०/११० असेल तर जेवण उरकून वगैरे काही नाही, तसंच निघायचं. आकडा बरा आला पण त्रास आहे, तरीही न्या, आणि डोकेदुखीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने तपासणीचं कार्ड घ्यायचं.

बाळंतपण झालं की हा धोका लगेच संपत नाही, पुढचे सहा आठवडे हीच लक्षणं दिसली तरी तेच करायचं, आणि डॉक्टरांना डिलिव्हरी कधी झाली ते पहिल्यांदा सांगायचं.