जेवण एकच, खातं वेगळं: कोरियन कंपनीत पावती टाकताना

कोरियात नोकरीला आलेल्या नव्या मुलांना खर्चाच्या ॲपमध्ये फोटो काढणं अवघड वाटतं. खरं तर अडतं पुढच्या पायरीवर, खर्चाचं खातं निवडताना. तरी फोटोपासूनच सुरुवात करतो, कारण पावती चुकली तर खातं बरोबर निवडूनही उपयोग नाही.

हॉटेलात टेबलावर येतो तो ऑर्डरचा कागद. त्यावर मांसाच्या प्लेटी आणि सोजूच्या बाटल्या मोजलेल्या असतात. अकाउंट्सवाल्यांना तो चालत नाही. त्यांना हवी असते कार्ड घासल्यावर निघणारी स्लिप, म्हणजे 매출전표. तिच्यावर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: दुकानाचा दहा आकडी 사업자번호 (व्यवसाय नोंदणी क्रमांक), 승인번호 (मंजुरी क्रमांक) आणि तारीख-वेळ. हा थर्मल कागद असतो, पाकिटात राहिला की पुसट होतो, म्हणून दुकानाच्या दारातच फोटो काढावा. गडद टेबलावर सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, चारही कोपरे चौकटीत घेऊन. ॲप आकडे आपोआप वाचतं, पण चकाकीमुळे 8 चा 3 होतो, तेव्हा एकूण रक्कम स्वतः ताडून पाहावी.

रोख दिले असतील तर काउंटरवर 지출증빙, म्हणजे खर्चाचा पुरावा, असं सांगून कंपनीचा व्यवसाय क्रमांक द्यायचा. आपला मोबाइल नंबर दिला, तर ती पावती तुमच्या वैयक्तिक करसवलतीच्या खात्यात जाते, कंपनीच्या नाही. हाताने लिहिलेली साधी पावती 30,000 वॉनपर्यंतच निभावते.

आता मुख्य भाग. समजा, ऑफिसजवळच्या सामग्योप्सालच्या हॉटेलात चौघांचं जेवण झालं. स्लिपवर 공급가액 (मूळ रक्कम) 120,000, 부가세 (व्हॅट) 12,000 आणि 합계 (एकूण) 132,000. हे चौघे आपल्याच टीमचे असतील, तर खातं 복리후생비, म्हणजे कर्मचारी कल्याण. चौघांत दोन जण ग्राहक कंपनीचे असतील, तर तेच बिल 기업업무추진비, म्हणजे पाहुणचाराच्या खात्यात जातं. 2024 पासून करकायद्यात हे नाव आलं. त्याआधी 접대비 म्हणत आणि काही ॲपमध्ये जुनं नावच दिसतं. बैठक चालू असताना मागवलेली कॉफी-सँडविच 회의비, म्हणजे बैठक खर्चात.

म्हणजे ताटात काय होतं यापेक्षा टेबलाभोवती कोण बसलं होतं, हे महत्त्वाचं. आपल्याकडची मुलं सवयीने 'जेवण' असं काही शोधतात, सापडलं नाही की 복리후생비 दाबतात. बहुतेक वेळा खपतं, ग्राहक सोबत असला की अडतं.

का अडतं, तेही समजून घ्या. कर्मचारी कल्याणावरचा व्हॅट कंपनीला वजा करून घेता येतो, पाहुणचारावरचा नाही. वरच्या उदाहरणात 12,000 वॉन या एका निवडीवर फिरतात. शिवाय पाहुणचाराच्या खर्चाला वर्षाची मर्यादा असते. आणि सर्वांत बोचणारा नियम: ग्राहकाचं 30,000 वॉनच्या वरचं बिल तुम्ही स्वतःच्या कार्डाने भरलं, तर करासाठी कंपनीला तो खर्च धरता येत नाही. म्हणून ग्राहक सोबत असेल तर कंपनीचं कार्डच (법인카드) काढायचं, नाहीतर मॅनेजरला आधी विचारायचं. टीमच्या जेवणाला आपलं कार्ड चालतं. पण त्या रकमेवर वर्षअखेरीला कार्ड खर्चाची सवलत घेऊ नये.

कंपनीच्या कार्डाचा व्यवहार ॲपमध्ये आपोआप येतो. त्याला फक्त फोटो, खातं आणि 적요 (तपशील) जोडायचे. स्वतःच्या कार्डाचं मात्र सगळं हाताने भरावं लागतं. तपशिलात नुसतं 식사, म्हणजे 'जेवण', लिहिलं की हमखास परत येतं. असं लिहा:

```
프로젝트 일정 협의 석식 (당사 2명, 거래처 2명)
```

म्हणजे प्रोजेक्टच्या वेळापत्रकावर चर्चेसाठी रात्रीचं जेवण, आपले दोन, ग्राहकाचे दोन. ग्राहक कंपनीचं नाव आणि हजर असलेल्यांची नावं द्यायला वेगळी जागा असेल तर तिथे भरा.

टॅक्सी सोपी: 여비교통비, म्हणजे प्रवासखर्च. फक्त व्हॅटच्या रकान्यात काही भरू नका, कारण प्रवासभाड्यावरचा व्हॅट वजा होत नाही.

अर्ज पाठवल्यावर 반려 आलं तर घाबरायचं कारण नाही, ते फक्त 'दुरुस्त करून पाठवा' एवढंच असतं. त्याखालची एक ओळ वाचा, खातं किंवा फोटो बदला आणि तोच अर्ज पुन्हा पाठवा. नवा केलात तर एकच पावती दोनदा दिसते. महिनाअखेरीची मुदत मात्र प्रत्येक कंपनीत वेगळी असते, ती पहिल्याच आठवड्यात टीममधल्या जुन्या माणसाला विचारून घ्या.