बाबांची नळी तुंबायची, त्यावरचा माझा उपाय

अर्धांगवायूनंतर बाबांना नाकातल्या नळीतून भरवतो. दुसऱ्याच आठवड्यात नळी तुंबली. कोमट पाणी ५० मिलीच्या सिरिंजने हळूहळू आत-बाहेर केलं, तेव्हा वीसेक मिनिटांनी सुटली. जोर लावला नाही. नळी फाटू शकते.

दोष माझ्या पेजेत होता. मूगडाळ-तांदूळ मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीने गाळायचो, सालं तशीच जायची. आता सोललेली डाळ मऊ शिजवतो, पाणी घालून दोनदा फिरवतो आणि मलमलच्या कापडातून गाळतो. सिरिंजमधून आपोआप उतरेल इतकीच पातळ ठेवतो. भरवण्याआधी आणि नंतर ३० मिली पाणी; औषधांची पूड वेगळी, पेजेत नाही.

पाण्याच्याही आधी नळी जागेवर आहे का ते बघतो. नाकापाशी पेनाची खूण आहे, ती सरकलेली नको. मग नळीतून पोटातला थोडा रस ओढून पीएच पट्टीवर टाकतो: ५.५ किंवा कमी आला तरच पुढे. हवा सोडून पोटावर आवाज ऐकायची जुनी पद्धत फसवी आहे. एकदा खोकल्यात खूण दोन बोटं बाहेर आली. काही न देता सिस्टरना बोलावलं.

भरवताना आणि नंतर तासभर बाबा उशांना टेकून बसलेले असतात.