मोरावळ्यातले आवळे आकसतात, चिवट होतात? या चुका टाळा

मोरावळा बिघडला की दोष बहुतेक वेळा आवळ्यांना दिला जातो. आवळे जून होते, तुरट होते, जात बरोबर नव्हती, असं काहीबाही. पण पाकात टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी आवळा सुरकुतला आणि दाताखाली चामड्यासारखा लागला, तर चूक जवळजवळ नक्कीच पाकाच्या दाटपणात असते. पहिल्याच दिवशी घट्ट पाक करून त्यात आवळे सोडणं, ही मोरावळ्यातली सगळ्यात मोठी चूक आहे.

आवळ्याच्या गरात चार पंचमांशाहून जास्त पाणी असतं. असा पाणीदार आवळा दाट पाकात पडला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात: आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि बाहेरची साखर आत शिरू लागते. पाणी झपाट्यानं निघतं, साखर मात्र सावकाश शिरते. पाक जितका दाट, तितकी ही तफावत मोठी. मग आवळ्यातलं पाणी गेलेलं असतं, त्याची जागा घ्यायला साखर अजून पोचलेली नसते आणि आवळा आकसतो. टोचणं, उकडणं, पाक रोज थोडा थोडा वाढवणं ही सगळी खटपट एवढ्याचसाठी असते, की साखरेला आत यायला वाट आणि वेळ मिळावा.

टोचण्यातल्या चुका

आवळ्याची साल पातळ दिसते, पण ती गुळगुळीत आणि मेणचट असते. पाक तिच्यातून सहज आत जात नाही. म्हणून टोचायचं, आणि टोचायचं ते थेट बीपर्यंत. वरवर टोचलेला आवळा बाहेरून गोड आणि बीजवळ तुरट, कडक राहतो. सुई आत घातली की कठीण बीला टेकल्याचं हाताला स्पष्ट कळतं. तिथपर्यंत ती गेलीच पाहिजे. मोठ्या आवळ्याला सगळीकडून मिळून पंचवीस-तीस भोकं पुरतात. देठाची आणि खालची बाजू हमखास राहून जाते, तिकडे लक्ष द्या.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे जाड काट्या-चमच्यानं जोरात भोसकणं. आवळ्याच्या सहा पाकळ्या असतात आणि त्यांच्यामधल्या रेघा हीच त्याची कमकुवत जागा. जाड काटा त्या रेघेत शिरला की पाकळ्या सुट्या व्हायला तिथूनच सुरुवात होते आणि उकडताना आवळा फाकतो. बारीक स्टीलची सुई किंवा लाकडी टूथपिक घ्यावी, रेघा टाळून पाकळीच्या मध्यभागी टोचावं. लोखंडी सुई, दाभण किंवा गंजका काटा अजिबात नको. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की भोकांभोवती काळे डाग पडतात आणि ते पुढे जात नाहीत. भांडंही याच कारणानं लोखंडाचं नको. आंबटपणामुळे अल्युमिनियमचंही टाळावं. स्टीलचं सगळ्यात बरं.

आवळा कडक राहावा म्हणून चुन्याच्या निवळीत ठेवायची पद्धत चांगली आहे, आणि तिला कारणही आहे. चुन्यातलं कॅल्शियम गरातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, त्यामुळे उकडताना गर लवकर विरघळत नाही. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा चुना ढवळून तळाशी बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी ओतून घ्यायचं आणि त्यात टोचलेले आवळे चार-पाच तास ठेवायचे. तळाचा गाळ आवळ्यांवर येऊ देऊ नका. नंतर तीन-चार पाण्यांनी नीट धुवा, नाहीतर चुन्याची चव राहते. अगदी ताजे, घट्ट आवळे असतील तर निवळीशिवायही काम होतं. हिरवट पिवळे, थोडे पारदर्शक दिसू लागलेले आवळे यासाठी उत्तम. गडद हिरवे कोवळे आवळे तुरट राहतात आणि डाग पडलेले उकडताना हमखास फुटतात.

उकडताना घाई आणि खळखळ

कच्च्या आवळ्याच्या पेशी पाण्याला बाहेर जाऊ देतात, पण साखरेला आत घेत नाहीत. उकडल्यावर त्यांचा हा अडसर मोडतो. म्हणूनच न उकडता, नुसते टोचून पाकात टाकलेले आवळे पाक कितीही जपून केला तरी आकसतात. उलट जास्त उकडले तर पेक्टिन विरघळतं, पाकळ्या उमलतात आणि पुढे पाकात नुसता लगदा होतो. मधली जागा अरुंद आहे, म्हणून इथे घड्याळापेक्षा आवळ्याकडे बघावं.

भरपूर पाण्याला आधी उकळी आणायची, मग आवळे सोडायचे आणि आच लगेच मंद करायची. पाणी खळखळता कामा नये. वर बारीक बुडबुडे येत राहिले की पुरे. खळखळत्या पाण्यात आवळे एकमेकांवर आणि भांड्यावर आपटतात, आणि टोचलेली साल तेवढ्यानंही फाटते. मोठ्या आवळ्यांना साधारण सहा ते आठ मिनिटं लागतात, लहानांना कमी. म्हणून एका घाण्यात एकाच आकाराचे आवळे घ्या.

काय दिसलं की उतरवायचं? हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर येतो. पाकळ्यांमधल्या रेघा एकदम ठळक होतात, पण उघडत नाहीत. सुई बीपर्यंत अडखळल्याशिवाय जाते. पहिल्या आवळ्याची रेघ उकलायला लागलेली दिसली तर तोच शेवटचा क्षण समजा. लगेच उपसून गार पाण्यात टाका, कारण गरम आवळा बाहेर काढल्यावरही आतून शिजत राहतो. गार झाले की चाळणीत निथळा, पण उन्हात सुकवत बसू नका. वाळलेली साल पुन्हा पाक आत घ्यायला कुचराई करते.

पाक: पातळापासून दाटाकडे

एक किलो आवळ्यांचा हिशोब घेऊ. साखर एकूण दीड किलो लागेल, पण ती चार दिवसांत विभागून.

पहिल्या दिवशी ६०० मिली पाणी आणि ५०० ग्रॅम साखर पाच मिनिटं उकळायची. या पाकाला तार अजिबात येत नाही, आणि यायलाही नको. कोमट झाला की उकडलेल्या आवळ्यांवर ओतायचा. भांडं अरुंद घ्या, म्हणजे एवढ्या पाकात आवळे बुडतात. तरंगत असतील तर वर एक लहान ताटली ठेवा.

दुसऱ्या दिवशी पाक आणखी पातळ झालेला दिसेल, जवळजवळ सरबतासारखा. इथेच बरेच जण घाबरतात आणि सगळी साखर एकदम घालून तार येईपर्यंत आटवतात. तसं करू नका. आवळ्यातलं पाणी बाहेर आलं आणि साखर आत गेली, म्हणूनच पाक पातळ झाला आहे. आवळे झाऱ्यानं बाजूला काढा, पाकात ३५० ग्रॅम साखर घाला, सात-आठ मिनिटं उकळा, कोमट करून पुन्हा ओता. तिसऱ्या दिवशी तसंच, पुन्हा ३५० ग्रॅम. चौथ्या दिवशी उरलेली ३०० ग्रॅम घालून पाक थोडा जास्त वेळ आटवायचा. या दिवसापर्यंत आवळा काचेसारखा पारदर्शक व्हायला लागतो. कापून बघितला तर बीजवळ पांढरट, अपारदर्शक कडं दिसलं, म्हणजे साखर अजून तिथवर पोचलेली नाही. मग पुढच्या टप्प्याआधी एक-दोन दिवस आणखी थांबा.

या सगळ्यात उकळायचा तो फक्त पाक. आवळ्यांसकट पाक रोज उकळला की दोन्हीकडून नुकसान होतं: गर मऊ पडतो आणि दाट पाकाच्या उष्णतेनं पाणीही झटकन ओढलं जातं.

शेवटची कसोटी पाचव्या किंवा सहाव्या दिवशी. पाक एकतारीच्या किंचित पुढे हवा, म्हणजे साखर साधारण ६८ ते ७० टक्के. तार बघताना थेंब बशीत गार होऊ द्या, गरम थेंब फसवतो. थर्मामीटर असेल तर जास्त खात्रीचं: तुमच्याकडे साधं पाणी जिथे उकळतं त्याहून पाच ते सहा अंश वर पाक गेला की झालं. थर्मामीटरही नसेल, तर वजनकाटा वापरा. रिकाम्या भांड्याचं वजन सुरुवातीलाच करून ठेवायचं. दीड किलो साखर घातलेली आहे, तेव्हा आवळे आणि पाक मिळून २.३ ते २.४ किलो भरले की दाटपणा योग्य. तारेच्या अंदाजापेक्षा मला हा हिशोब कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

याहून पुढे, दोनतारीपर्यंत नेऊ नका. आवळा शेवटच्या टप्प्यातही आकसू शकतो, शिवाय गार झाल्यावर तळाशी साखरेचे खडे बसतात. आवळ्याच्या आंबटपणामुळे उकळताना थोडी साखर फुटते आणि खडे होणं बरंच टळतं, पण फार दाट पाकात तेही पुरं पडत नाही.

आधीच बिघडला असेल तर

आकसलेले आवळे बरेचसे सावरता येतात. ते पाकातून काढा. त्याच पाकातला थोडा भाग घेऊन निम्म्याहून जास्त पाणी घालून पातळ करा, कोमट करा आणि आवळे त्यात एक दिवस ठेवा. आवळे कच्चेच टाकले होते असं वाटत असेल, तर या पातळ पाकात अगदी मंद आचेवर सुई सहज जाईपर्यंत ठेवा. ते थोडे फुगले की उरलेला दाट पाक रोज थोडा थोडा मिसळत जा आणि शेवटी वरच्याप्रमाणे कसोटीपर्यंत आणा. पूर्वीचा गोल आकार सगळा परत येईलच असं नाही, पण चिवटपणा जातो.

फाकलेले आवळे मात्र पुन्हा जुळत नाहीत. त्यांच्या बिया काढून पाकळ्यांचाच मोरावळा करा. पाकाचा क्रम तोच ठेवायचा, फक्त दिवस कमी लागतात.

बरणीत भरल्यावर आठवडाभरानं पाक पुन्हा पातळ झालेला दिसला, तर आवळ्यातलं उरलेलं पाणी बाहेर आलेलं असतं. नुसता पाक काढून कसोटीपर्यंत उकळा, गार करून परत ओता. बारीक बुडबुडे दिसत असतील पण वास चांगला असेल, तर हाच उपाय त्याच दिवशी करा. आंबूस, दारूसारखा वास किंवा बुरशी आली असेल तर ती बरणी टाकून द्यावी. वरची बुरशी काढून खाली उरलेलं वापरू नये. काचेची किंवा चिनी मातीची कोरडी बरणी, आवळे पूर्ण बुडतील इतका पाक आणि दर वेळी कोरडा चमचा, एवढं पाळलं तर पाक सहसा आंबत नाही.