प्रवासखर्चाचा क्लेम अर्धवटच पास झाला, तर उरलेले पैसे कसे मिळवावेत

क्लेम १६,६०० रुपयांचा आणि खात्यात आले १,९००. अशा वेळी बहुतेकजण सल्ला देतात, ‘एचआरला कडक मेल टाक.’ तो मुळीच ऐकू नका. आधी आकडे दोन भागांत लिहा: कंपनीच्या कार्डावरून किती गेले आणि स्वतःच्या खिशातून किती.

पुण्याहून दिल्लीला दोन रात्रींचा दौरा धरू. हॉटेलचे १२,६०० कार्डावरून गेले. टॅक्सीचे २,५०० आणि बाहेरच्या खाण्याचे १,५०० खिशातून. कार्डाचं बिल कंपनी थेट बँकेला भरत असेल, तर तुम्हाला मिळायचे होते फक्त ४,०००. त्यातले १,९०० आले, म्हणजे खरी कपात २,१०० ची. भांडायचं ते एवढ्याचसाठी.

कार्डाचं बिल तुम्ही स्वतः भरत असाल, तर क्लेम अडकला तरी मुदतीत भरा. दंड-व्याज लागलं तर कंपनी ते सहसा देत नाही.

आता कपात का झाली ते शोधा. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा हॉटेलच्या ओळीत सापडते. याच दौऱ्यात कंपनीची मर्यादा रात्रीला ५,००० अधिक कर अशी धरू. खोलीचं भाडं नेमकं तेवढंच होतं, ५ टक्के जीएसटी धरून ५,२५०. पण दोन्ही रात्री जेवण खोलीत मागवलं, ते दर रात्री करासह १,०५० झालं आणि त्याच बिलात चढलं. क्लेममध्ये ‘हॉटेल १२,६००’ अशी एकच ओळ भरली, की अकाउंट्सवाल्यांना सगळं खोलीभाडंच दिसतं. रात्रीला १,०५० जास्त, म्हणून दोन रात्रींचे २,१०० तुमच्या खिशातल्या खर्चातून वळते होतात. त्यांनी नियमाप्रमाणेच केलेलं असतं.

कार्डाची स्लिप इथे काही कामाची नाही, तिच्यावर फक्त एकूण रक्कम असते. हॉटेलकडून दिवसवार तपशिलाचं बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह मागवा. मग ती ओळ फोडा: खोली १०,५००, जेवण २,१००. जेवण आता खाण्याच्या मर्यादेत मोजलं जाईल, म्हणून तीही तपासा. दिवसाला १,५०० असतील आणि त्या दोन दिवशी बाहेर प्रत्येकी ४०० चं खाल्लं असेल, तर १,४५० होतात, बसतं. मर्यादा १,२०० असती, तर रोजचे २५० तुमचेच गेले असते. ते मागू नका, वरिष्ठांची पूर्वपरवानगी नसेल तर मिळणार नाहीत.

एक बजावून सांगतो, नवा क्लेम टाकू नका. तीच बिलं पुन्हा दिसली की सिस्टीम दुबार म्हणून अडवते आणि मग खुलासे देत बसावं लागतं. जुनाच क्लेम दुरुस्तीसाठी परत मागा आणि शेऱ्यात एवढंच लिहा: ‘हॉटेल बिलातील २,१०० रु. जेवणाचे, तपशील जोडला आहे.’