इंदूरमध्ये आयव्हीएफ करताय? टाइम-लॅप्सचे पैसे भरण्याआधी लॅबला काय विचारायचं

माझ्या भाच्याची बायको मागच्या वर्षी दोन क्लिनिक पाहून आली आणि दोन्ही कोटेशनं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मामी, यात 'टाइम-लॅप्स'चे वेगळे पैसे लावलेत. घेऊ का?" मी बरीच वर्षं भ्रूणशास्त्राच्या लॅबमध्ये काम केलंय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून एका रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो. त्या कागदावर जे उतरलं, तेच इथे देते.

आधी मशीन काय करतं ते समजून घ्या

स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आले की पुढचे पाच-सहा दिवस भ्रूण इन्क्युबेटरमध्ये राहतो. साध्या इन्क्युबेटरमधून डिश ठराविक वेळी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पहिली तपासणी बीज-शुक्राणू एकत्र आणल्यावर साधारण १६ ते १८ तासांनी होते. तेव्हा आत दोन गोल केंद्रकं दिसली, तर फलन नीट झालं असं मानतात. टाइम-लॅप्स इन्क्युबेटरमध्ये कॅमेरा आतच असतो आणि दर काही मिनिटांनी फोटो घेतो, त्यामुळे बघण्यासाठी डिश बाहेर काढावी लागत नाही.

याचा उपयोग खरा आहे. केंद्रकं कधीकधी तपासणीच्या वेळेआधीच विरतात. मग साध्या पद्धतीत तो भ्रूण 'फलन दिसलं नाही' या रकान्यात जाऊ शकतो, पण फोटोंमध्ये ती केंद्रकं सापडतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या ऐवजी एकदम तीन झाल्या, तर तेही दिसतं. अशा भ्रूणाला निवडीत मागे ठेवतात. लॅबमध्ये बसणाऱ्या माणसाला हे मशीन आवडतं, मलाही आवडायचं.

पण तुम्ही पैसे भरता ते मूल व्हावं म्हणून. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगमधली एक मोठी चाचणी छापून आली. त्यात १५७५ जणींचे तीन गट केले होते. एका गटात टाइम-लॅप्सचे फोटो निवडीसाठी वापरले. दुसऱ्यात मशीन तेच, पण फोटो वापरले नाहीत. तिसऱ्यात नेहमीची पद्धत होती. तिन्ही गटांत मूल जन्मण्याचं प्रमाण ३३ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं आणि त्यांच्यात अर्थपूर्ण फरक निघाला नाही. त्याआधी २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासातही असंच दिसलं होतं. म्हणजे "याने यशाचं प्रमाण वाढतं" असं कोणी काउंटरवर सांगितलं, तर मान हलवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

मुख्य प्रश्न: "पीएच कसा आणि कधी मोजता?"

भाचेसुनेच्या कागदावर मी हा प्रश्न सगळ्यात वर लिहिला. इंदूरसाठी तो जरा जास्तच लागू आहे.

भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ७.२ ते ७.४ मध्ये राहावा लागतो. हा पीएच इन्क्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. वायू वाढला की पीएच खाली येतो आणि कमी झाला की वर जातो. मशीनवर आपण टक्केवारी लावतो, समजा ६ टक्के. द्रवाला मात्र टक्के कळत नाहीत, त्यात किती वायू विरघळणार ते त्याच्या दाबावर अवलंबून असतं. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो.

हिशोब करून बघू. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. त्यातून ३७ अंशांवरच्या पाण्याच्या वाफेचे ४७ वजा केले की उरले ७१३. त्याचे ६ टक्के म्हणजे जवळपास ४३. इंदुरात हवेचा दाब धरा ७१२, वाफ वजा जाता ६६५, आणि त्याचे ६ टक्के म्हणजे ४०. मुंबईइतकाच दाब हवा असेल तर इथे ६.४ टक्क्यांच्या आसपास लावावं लागेल.

या फरकाने पीएच फार नाही, सुमारे ०.०३ इतकाच चढतो. एवढ्याने भ्रूण मरत नाहीत, उगीच घाबरू नका. पण ज्या लॅबचा पीएच आधीच ७.३८ ला टेकलेला आहे, ती यामुळे हद्दीबाहेर जाते. त्यातून प्रत्येक कंपनीच्या द्रवात बायकार्बोनेटचं प्रमाण वेगळं असतं, म्हणजे कंपनी बदलली की योग्य टक्केवारीही बदलते. म्हणून चांगला भ्रूणतज्ज्ञ माहितीपुस्तिकेतला आकडा लावून मोकळा होत नाही. तो द्रव रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवतो, सकाळी त्याचा पीएच प्रत्यक्ष मोजतो, त्यावरून टक्केवारी ठरवतो आणि वहीत लिहितो. द्रवाचा नवा लॉट आला की पुन्हा मोजतो.

भाचेसुनेने पहिल्या क्लिनिकमध्ये हे विचारलं. टाइम-लॅप्स तिथेच होतं. समन्वयक बाई म्हणाल्या, "मॅडम, मशीन सगळं ऑटोमॅटिक ठेवतं, स्क्रीनवर ६ दिसतंय बघा." मोजल्याची नोंद मागितली तर "ती आतली गोष्ट आहे" असं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणी छोटे टेबलावरचे साधे इन्क्युबेटर होते. तिथला भ्रूणतज्ज्ञ स्वतः बाहेर आला आणि त्याने वहीचं पान दाखवलं. पानावर तारीख, लॉट क्रमांक, पीएच ७.२९ आणि सही होती. खाली महिन्यापूर्वीची एक नोंद होती, ७.४१, आणि तिच्यापुढे लाल शाईत 'वायू वाढवला, पुन्हा मोजला'. मी तिला म्हटलं, त्या लाल शाईला मार्क दे. सगळे आकडे सरळ रेषेत असलेली वही मला कधीच फारशी पटलेली नाही.

तापमान आणि हवा

तापमानाचाही प्रश्न याच जातीचा आहे. स्क्रीनवर ३७.० दिसतं म्हणून डिशच्या तळाशी ३७ असेलच असं नाही. "वेगळ्या, प्रमाणित थर्मामीटरने प्रत्येक कप्पा तपासता का, आणि किती दिवसांनी?" असं विचारा. टाइम-लॅप्समध्ये कप्पे अरुंद असतात, तिथे प्रोब घालणं किचकट पडतं. म्हणूनच ते कसं करता हे विचारण्यात मजा आहे: जो खरंच करतो तो दोन मिनिटं उत्साहाने सांगतो.

हवेचं म्हणाल तर लॅबला धुळीपेक्षा वासाची धास्ती असते. ताजा रंग, फिनेल, अत्तर, सॅनिटायझर यांची वाफ द्रवावरच्या तेलात मुरू शकते. धूळ अडवणाऱ्या फिल्टरने ती थांबत नाही, त्यासाठी कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो. क्लिनिकमध्ये दिवाळीआधीची रंगरंगोटी चालू असेल, तर "सध्या लॅबमध्ये भ्रूण आहेत का?" असं बिनधास्त विचारा. आमच्या लॅबमध्ये रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीतून रंगून आलेल्या एका मुलाला मी दारातूनच अंघोळीला परत पाठवलं होतं.

लाइट गेली तर

टाइम-लॅप्सच्या एकाच मशीनमध्ये अनेक जोडप्यांच्या डिश असतात. ते बंद पडलं तर सगळ्यांचंच अडतं. म्हणून विचारा: रिकामा, चालू स्थितीतला पर्यायी इन्क्युबेटर आहे का? यूपीएस आणि जनरेटर आहे का? रात्री दोनला अलार्म वाजला तर फोन कोणाला जातो, आणि त्याची शेवटची चाचणी कधी घेतली? गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीतला द्रवरूप नायट्रोजन कोण मोजतं, हेही याच दमात विचारून घ्या.

आकडे मागा, पण योग्य आकडे

"आमचा सक्सेस रेट ७० टक्के" या वाक्यातून काहीच कळत नाही. ७० टक्के कशाचे? रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली त्याचे, ठोके दिसले त्याचे की मूल जन्मलं त्याचे? आणि सुरू केलेल्या सायकलमागे की भ्रूण गर्भाशयात सोडला त्या प्रत्येक वेळेमागे? शिवाय या आकड्यात बाईचं वय आणि डॉक्टर कोणते रुग्ण निवडतात हेही मिसळलेलं असतं. लॅबचं काम पाहायचं तर लॅबचे आकडे मागा. व्हिएन्नात ठरलेल्या आणि २०१७ मध्ये छापून आलेल्या निकषांनुसार इक्सी केलेल्या, म्हणजे सुईने एकेक शुक्राणू आत सोडलेल्या, पक्व बीजांपैकी किमान ६५ टक्क्यांचं फलन नीट व्हावं, आणि ८० हे उत्तम लॅबचं लक्ष्य. नीट फलित झालेल्यांपैकी पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे त्या दिवसापर्यंत पूर्ण वाढलेले भ्रूण, किमान ४० टक्के, लक्ष्य ६०. गोठवलेले ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर किमान ९० टक्के टिकावेत. हे आकडे चाळिशीच्या आतल्या, स्वतःची बीजं वापरणाऱ्या स्त्रियांसाठी आहेत.

भाचेसुनेचं पुढे काय झालं ते या मापाने सांगते. बारा बीजं निघाली, दहा पक्व होती, सात नीट फलित झाली, पाचव्या दिवशी तीन ब्लास्टोसिस्ट मिळाले. म्हणजे फलन ७० टक्के आणि ब्लास्टोसिस्ट ४३ टक्के. दोन्ही किमान रेषेच्या वर. पण एका जोडप्याच्या सात भ्रूणांवरून लॅब चांगली की वाईट ते ठरत नाही. एक कमी झाला असता तर तोच आकडा २९ झाला असता. त्यामुळे मागच्या तीन-चार महिन्यांचे सगळ्या रुग्णांचे एकत्रित आकडे मागा. हे आकडे काढणारी लॅब ते दर महिन्याला काढते, तिला शोधाशोध करावी लागत नाही.

कागद आणि नावं

२०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. आयव्हीएफ करणाऱ्या क्लिनिककडे 'लेव्हल २' ची नोंदणी हवी, कारण 'लेव्हल १' मध्ये आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, इथपर्यंतच मजल जाते. प्रमाणपत्र भिंतीवर बघा, त्यावरची मुदतही वाचा. भ्रूणतज्ज्ञ रोज इथेच असतो, की तीन क्लिनिकांत फिरतो आणि 'बॅच'पुरता येतो? फिरता असला म्हणून वाईट असं नाही, पण मग मधल्या दिवसांत पीएच आणि तापमान कोण बघतं, त्याचं नाव कळायला हवं. आणि डिश बदलताना, शुक्राणू घालताना, भ्रूण काढताना दर वेळी दुसरा माणूस नाव तपासून सही करतो का? हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा.

लॅबच्या आत तुम्हाला सोडणार नाहीत आणि सोडूही नये. काचेतून बघा, वहीच्या पानाचा फोटो मागा, दहा मिनिटं भ्रूणतज्ज्ञाशी बोलायला मागा. तपासण्या चालू असताना, ॲडव्हान्स भरायच्या आधी मागा, इंजेक्शनं सुरू झाली की कोणाचाच पाय मागे फिरत नाही.

भाचेसुनेने लाल शाईवाली जागा निवडली. टाइम-लॅप्स तिथे नव्हतंच, त्यामुळे घेऊ की नको हा प्रश्नही उरला नाही. पहिल्या क्लिनिकने मोजलेला पीएच दाखवला असता, तर तिने तिथेच जावं असं मी म्हटलं असतं, मशीनचे जादा पैसे कमी करून मागून.