डॉल्बी बी कॅसेट डिजिटल करताना या चुका टाळा

भजनी मंडळाच्या 1980 च्या दशकातल्या कॅसेट आता घरोघरी संगणकावर उतरवल्या जात आहेत. त्यातल्या चांगल्या डेकवर भरलेल्या अनेक कॅसेट ‘डॉल्बी बी’ ही टेपची सळसळ कमी करणारी पद्धत लावून रेकॉर्ड झालेल्या असतात. त्या उतरवताना आवाज दबलेला, गुदमरलेला आला की दोष जुन्या टेपवर जातो. बऱ्याचदा टेप ठीक असते, चूक वाजवण्यात झालेली असते.

ती कुठे होते हे कळण्यासाठी डॉल्बी काय करतं ते आधी पाहू. कॅसेटची टेप अरुंद आणि संथ चालणारी, त्यामुळे तिची स्वतःची सळसळ मोठी. रे डॉल्बी 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. 1965 साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. स्टुडिओसाठी आधी ए पद्धत आली आणि 1968 साली घरगुती वापरासाठी साधी बी पद्धत. कल्पना अशी की रेकॉर्ड करताना हळू आवाजातल्या वरच्या पट्टीला उचलायचं आणि वाजवताना तेवढंच खाली आणायचं. टेपची सळसळ मधल्या टप्प्यावर मिसळते, म्हणून खाली आणताना तीही खाली जाते.

झांजेची घुमत विरणारी शेवटची आस घ्या. समजा वरच्या पट्टीत ती ठरावीक संदर्भपातळीच्या 40 डेसिबेल खाली आहे आणि टेपची सळसळ 50 खाली. दोघांत अंतर फक्त 10. डॉल्बी बी ती आस 10 ने उचलून -30 वर टेपवर लिहितं. वाजवताना ती परत -40 वर येते आणि सळसळ -60 वर जाते. अंतर 20 झालं. झांज जोरात वाजते तेव्हा डॉल्बी जवळपास काहीच करत नाही. मोठ्या आवाजात सळसळ तशीही ऐकू येत नाही आणि तेव्हाही उचललं असतं तर टेप फाटकी वाजली असती. म्हणजे किती उचलायचं हे आवाजाच्या पातळीवर ठरतं, आणि किती उतरवायचं हे वाजवणारा डेक टेपवरून आलेली पातळी पाहूनच ठरवतो. त्याच्याकडे दुसरी काही खूण नसते. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे हेडचा कोन न तपासता डॉल्बी चालू करणं. हेडची फट टेपला काटकोनात नसेल तर वरची पट्टी कमी वाचली जाते. ती 3 डेसिबेल कमी वाचली गेली, तर डॉल्बीला वाटतं की आवाजच हळू होता, आणि तो आणखी खाली ओढतो. मधल्या पातळीवरच्या आवाजात ही 3 ची चूक बाहेर येईपर्यंत 6 च्या आसपास जाऊ शकते. अगदी मोठ्या आणि अगदी हळू आवाजात मात्र ती साधारण 3 च राहते. त्यामुळे झांजेचा ठोका बऱ्यापैकी खणखणीत येतो, पण विरताना मध्येच तिच्यावर कापड टाकल्यासारखं होतं. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ मध्येही हेच दिसतं: जोरात म्हटलेला स्पष्ट, हळू म्हटलेला बोथट.

म्हणूनच नंतर ट्रेबल वाढवून हे दुरुस्त होत नाही. ट्रेबल सगळ्यांना सारखंच वाढवतो. मधला आवाज जागेवर आणला की ठोका टोचायला लागतो. दुरुस्ती डॉल्बीच्या आधीच करावी लागते.

आधी हेड, कॅप्स्टन आणि पिंच रोलर साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबरी रोलरला मात्र रबर क्लीनर वापरलेला बरा. मग डॉल्बी बंद करून कॅसेट वाजवा आणि दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका. कोन चुकला असेल तर दोन चॅनेलमधली वरची पट्टी एकमेकांना खोडते आणि मोनोत आवाज लगेच मंद होतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. हात लावण्यापूर्वी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवा. तो अगदी थोडा थोडा फिरवत सर्वात उजळ आवाज येईल तिथे थांबा. ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये दोन दिशांचे कोन वेगळे असतात, तिथे जपून.

घरी भरलेल्या कॅसेटचा कोन त्या वेळच्या डेकसारखा असतो, मग तो डेक वाकडा असला तरी. त्यामुळे अशी कॅसेट वाजवताना प्रमाण टेपचा कोन बाजूला ठेवून समोरच्या कॅसेटप्रमाणेच जुळवावं, आणि काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणावा. हे जमलं की मगच डॉल्बी चालू करायचं.

दुसरी चूक पातळीची. डेकच्या बाहेरच्या आवाजाच्या बटणाने काही बिघडत नाही आणि सुधरतही नाही, कारण ते डॉल्बीच्या नंतर येतं. डॉल्बीच्या आधीची पातळी डेकच्या आतल्या छोट्या ट्रिम पॉटवर ठरते आणि ती 200 नॅनोवेबर प्रति मीटरच्या प्रमाण टेपवर जुळवतात. ती टेप हाताशी नसेल तर या पॉटला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

डॉल्बी बंद ठेवून कच्चा आवाज संगणकात घ्यायचा आणि नंतर सॉफ्टवेअरने डीकोड करायचं, हा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. चुकलं तर कॅसेट पुन्हा न झिजवता परत प्रयत्न करता येतो. पण इथेच लोक सवयीने फाइल नॉर्मलाइज करतात, किंवा आधी सळसळ काढणारं फिल्टर लावतात. दोन्हींमुळे डीकोडरला दिसणारी पातळी बदलते आणि वरचाच दोष नव्याने तयार होतो. गेन एकदा ठरवला की तसाच ठेवा. त्याच गेनवर प्रमाण टेपचा टोन रेकॉर्ड करून ठेवला तर डीकोडरला नेमका आकडा देता येतो. टोन नसेल तर डीकोडरची पातळी थोडी वरखाली करत झांजेची आस ऐका. ती फार लवकर तुटत असेल तर डीकोडरकडे जाणारी पातळी कमी आहे. ती जास्त असेल तर हळू भागात आवाज अनैसर्गिक उजळ राहतो आणि सळसळही पुरेशी दबत नाही.

तिसरी चूक साधी आहे: डॉल्बीशिवाय भरलेल्या कॅसेटवर डॉल्बी चालू करणं. सळसळ खरंच कमी होते, म्हणून हे बरोबर वाटतं. पण न उचललेलं खाली आणलं जातं आणि हळू जागांमधला तंबोऱ्याचा झणकार त्याबरोबर जातो. कव्हरवर किंवा हाताने लिहिलेल्या लेबलवर जोड-डीचं चिन्ह किंवा ‘एनआर बी’ अशी नोंद आहे का ते बघा. नसेल तर कोन जुळवून झाल्यावर दोन्ही प्रकारे ऐका. चालू केल्यावर मोठे आवाज तसेच राहून फक्त हळू आवाज मलूल होत असतील तर बंद ठेवा.

कॅसेट आधीच एखाद्या सळसळत्या टेपवरून उतरवलेली असेल, तर ती पहिली सळसळ डॉल्बी काढणार नाही. रेकॉर्ड करताना ती संगीताबरोबरच उचलली गेली आणि वाजवताना त्याच्याबरोबरच जागेवर आली. अशा कॅसेटला डॉल्बी चालू करूनही सळसळ उरली म्हणून डेकचे पॉट फिरवत बसू नका. डीकोड बरोबर करून घ्या आणि उरलेल्या सळसळीवर फिल्टर लावायचं असेल तर ते त्यानंतर, मूळ कच्ची फाइल बाजूला जपून ठेवून लावा.